महागाई २० टक्के असताना प्रकल्पाचा हिशोब: चालू किमती, स्थिर किमती आणि वटाव दर यांचा मेळ कसा घालायचा

यंत्र एकच, विक्री-खर्चाचे आकडे तेच, आयुष्यही तेवढंच. तरी हिशोब मांडण्याच्या पद्धतीवरून त्याच प्रकल्पाचं निव्वळ वर्तमान मूल्य म्हणजे एनपीव्ही चार वेगवेगळं येऊ शकतं: अधिक ६३४, उणे ३४१, अधिक १०२ आणि उणे ४५. बरोबर उत्तर उणे ४५ आहे. पहिल्या दोन चुका अनुभवी माणसाच्या पटकन नजरेत येतात. तिसरी, म्हणजे अधिक १०२ वाली, भल्याभल्यांच्या हातून निसटते, कारण वरवर पाहता तिच्यात सगळं नियमाला धरून असतं. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या चुकीबद्दल आहे. तिथवर जाण्यासाठी आधीच्या दोन समजून घ्याव्या लागतील.

## आधी जमवायच्या गोष्टी

स्प्रेडशीट उघडण्याआधी एवढं हाताशी ठेवा:

- पुढच्या प्रत्येक वर्षाचा सर्वसाधारण महागाईचा अंदाज, तोही एकाच स्रोताचा
- वटाव दर, आणि तो कोणी व कशावरून ठरवला याची लेखी नोंद
- विक्री आणि खर्चाचे अंदाज, ते कोणत्या महिन्याच्या भावाने केले आहेत या माहितीसह
- घसाऱ्याचा कर-नियम: मूळ खरेदी किमतीवर वजावट मिळते की पुनर्मूल्यांकन केलेल्या किमतीवर
- ग्राहकांची उधारी किती दिवसांची, साठा किती दिवसांचा, पुरवठादार किती दिवस थांबतात
- भाडं, पुरवठा, कर्ज अशा करारांच्या प्रती, म्हणजे कुठली रक्कम गोठलेली आहे आणि कुठली महागाईनुसार वाढते ते कळेल

यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवलेली नसते. ती विचारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुढचा सगळा हिशोब तिच्यावरच उभा आहे.

## १. प्रत्येक ओळ कोणत्या किमतींत आहे ते लिहा

चालू किमतींतला रोकड प्रवाह म्हणजे त्या त्या वर्षी बँकेत प्रत्यक्ष जेवढी रक्कम येईल किंवा जाईल ती, महागाईसकट. यालाच नाममात्र प्रवाह म्हणतात. स्थिर किमतींतला प्रवाह म्हणजे तीच रक्कम आजच्या खरेदीशक्तीत मोजलेली. याला वास्तविक प्रवाह म्हणतात. महागाई २० टक्के असेल तर पुढच्या वर्षी हाती येणारे १२० हे आजच्या किमतींत १०० होतात.

नियम एका वाक्यात मावतो: चालू किमतींतल्या प्रवाहाला महागाई धरलेला नाममात्र दर लावायचा, आणि स्थिर किमतींतल्या प्रवाहाला महागाई वगळलेला वास्तविक दर. नियम पाठ असूनही लोक चुकतात, कारण एकाच तक्त्यात विक्रीची ओळ आजच्या भावाने असते, पगाराची ओळ वाढवून धरलेली असते आणि कर्जाचा हप्ता करारातून जसाच्या तसा उचललेला असतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर एक जादा रकाना ठेवा आणि त्यात ‘चालू’ किंवा ‘स्थिर’ असं लिहा. जिथे लिहिताना हात थबकेल, तिथे चौकशी बाकी आहे असं समजा.

## २. हातातला दर कोणता आहे ते ओळखा

बँकेच्या कर्जाचा व्याजदर आणि साध्या रोख्यांवरचा परतावा हे नाममात्र दर असतात, कारण देणाऱ्याने त्यात अपेक्षित महागाई आधीच धरलेली असते. महागाईशी जोडलेल्या रोख्यांवरचा परतावा वास्तविक असतो. खरी अडचण येते ती कंपनीने ‘आमच्याकडे हाच दर वापरतात’ म्हणून दिलेल्या दराची. तेव्हा एकच प्रश्न विचारा: महागाई चढली तेव्हा हा दर बदलला होता का? बदलला असेल तर तो नाममात्र. महागाई ५ टक्के असो वा २५, तोच आकडा चालत आला असेल, तर एक तर तो वास्तविक आहे किंवा त्याकडे कुणी लक्षच दिलेलं नाही. दोन्हींचा निवाडा आधी करून घ्या.

एका दरावरून दुसरा काढताना भागाकार करायचा, वजाबाकी नाही:

```
वास्तविक दर = (1 + नाममात्र दर) / (1 + महागाई) - 1
(1 + 0.32) / (1 + 0.20) - 1 = 0.10
```

वजाबाकीने १२ टक्के आले असते, खरा दर १० आहे. महागाई २ टक्के आणि नाममात्र दर ६ टक्के असता तर वजाबाकीने ४ आणि भागाकाराने ३.९२ आले असते, म्हणजे फरक नगण्य. म्हणूनच कमी महागाईत वजाबाकीची सवय जडते. महागाई ६० टक्के आणि नाममात्र दर ७६ टक्के असेल तर वजाबाकी १६ सांगते, खरा दर मात्र १०च असतो.

## ३. उदाहरण मांडून घ्या

आता एक प्रकल्प पूर्ण सोडवू. सगळे आकडे लाखांत आहेत.

यंत्राची किंमत १०००, आयुष्य ४ वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य. आजच्या भावाने वर्षाची विक्री १००० आणि रोख खर्च ६००. कराचा दर २५ टक्के. घसारा मूळ किमतीवर, सरळ रेषेने, वर्षाला २५०. खेळतं भांडवल, म्हणजे साठा आणि येणी मिळून त्यातून देणी वजा, त्या वेळच्या भावाने होणाऱ्या वर्षाच्या विक्रीच्या १५ टक्के. ते सुरुवातीला गुंतवायचं आणि चौथ्या वर्षाअखेर मोकळं होणार. महागाई दरवर्षी २० टक्के, विक्री आणि खर्च दोन्ही तिच्याच गतीने वाढणार. नाममात्र दर ३२ टक्के, म्हणजे वास्तविक १०. प्रत्येक वर्षाचा प्रवाह वर्षाअखेरीस येतो असं धरू.

आजच्या किमतींत हा प्रकल्प सरळ दिसतो. विक्रीतून खर्च गेला की ४०० उरतात. त्यातून घसारा २५० वजा केला की करपात्र १५०, त्यावर कर ३७.५. हाती उरले ३६२.५, दरवर्षी. सुरुवातीला खेळत्या भांडवलात १५० घातले आणि शेवटी ते परत आले.

याच प्रवाहाला ३२ टक्के लावले की उत्तर उणे ३४१ येतं. ही पहिली घोडचूक: महागाई दरात मोजली आणि प्रवाहात मोजलीच नाही. उलट प्रवाह महागाईने फुगवून त्याला १० टक्के लावले की अधिक ६३४ येतं. त्यात महागाईची सगळी वाढ नफा म्हणून खिशात घातली जाते. अशा चुकीत दूरच्या वर्षांचे आकडे विनाकारण भारी दिसतात, त्यामुळे प्रकल्प जितका लांबीचा तितका तो आकर्षक वाटतो. दीर्घ आयुष्याचे सगळेच प्रकल्प एका ओळीत ‘मंजूर’ होऊ लागले तर आधी हाच संशय घ्या.

मग ३६२.५ ला १० टक्केच लावू. स्थिर प्रवाह, वास्तविक दर, नियम पाळला. उत्तर येतं अधिक १०१.५. हीच ती तिसरी चूक.

## ४. तोच हिशोब चालू किमतींत मांडा

| वर्ष | ० | १ | २ | ३ | ४ |
|---|---|---|---|---|---|
| विक्री वजा खर्च | | ४८० | ५७६ | ६९१.२ | ८२९.४ |
| घसारा (फक्त करासाठी) | | २५० | २५० | २५० | २५० |
| कर | | −५७.५ | −८१.५ | −११०.३ | −१४४.९ |
| खेळतं भांडवल | −१५० | −३० | −३६ | −४३.२ | +२५९.२ |
| यंत्र | −१००० | | | | |
| निव्वळ प्रवाह | −११५० | ३९२.५ | ४५८.५ | ५३७.७ | ९४३.८ |

निव्वळ प्रवाहाला ३२ टक्के लावले की एनपीव्ही उणे ४४.९ येतो. प्रकल्प नाकारायचा.

दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर यायला हवं, आणि इथे १४६ चा फरक पडला. हा फरक दशांश सोडल्यामुळे पडलेला नाही. तो दोन ओळींतून आला आहे आणि त्या दोन्ही ओळी स्वभावाने चालू किमतींच्या आहेत.

## ५. घसाऱ्याची ओळ: २५० हे २५०च राहतात, त्यांची किंमत राहत नाही

वजावट मूळ खरेदी किमतीवर मिळते, म्हणून चौथ्या वर्षीही ती २५० एवढीच असते. पण त्या २५० ची आजच्या किमतींत किंमत पहिल्या वर्षी २०८.३, दुसऱ्या वर्षी १७३.६, तिसऱ्या वर्षी १४४.७ आणि चौथ्या वर्षी १२०.६ एवढीच भरते. स्थिर किमतींच्या तक्त्यात दरवर्षी सरळ २५० लिहिले की आपण न मिळणारी कर-बचत हिशोबात धरतो.

आकड्यांत पाहू. दरवर्षीची कर-बचत ६२.५. तिला १० टक्के लावले तर वर्तमान मूल्य १९८ येतं. ती गोठलेली रक्कम आहे हे लक्षात घेऊन ३२ टक्के लावले तर १३१. फरक ६७. दुसऱ्या बाजूने बघायचं तर महागाईने फुगलेल्या नफ्यावर कर लागतो आणि वजावट मात्र जुन्याच भावाची मिळते, म्हणून कराचा वास्तविक बोजा वाढतो.

इथे कर-कायदा वाचणं सक्तीचं आहे. वजावट निर्देशांकाने वाढवायची मुभा असेल तर स्थिर किमतींत २५० लिहिणं बरोबर ठरतं आणि मग चालू किमतींच्या तक्त्यात ती वाढवावी लागते. लेखा-मानकांत अतिमहागाईची एक खूण अशी दिली आहे की तीन वर्षांची एकत्रित महागाई १०० टक्क्यांच्या जवळ किंवा वर जाते, म्हणजे वर्षाला साधारण २६ टक्के. तेव्हा वित्तीय विवरणपत्रं महागाईनुसार पुन्हा मांडतात. पण वित्तीय विवरणपत्रात आकडा वाढला म्हणून करातही तो वाढतोच असं नाही. दोन्ही वेगळे तपासा.

## ६. खेळत्या भांडवलाची ओळ: विक्रीचे नग वाढले नाहीत तरी पैसा अडकतो

या ओळीची चूक आपल्या उदाहरणात सगळ्यात मोठी आहे, ७९ ची. स्थिर किमतींचा विचार करताना मनात येतं की विक्रीचे नग तेवढेच, साठाही तेवढाच, मग नवं भांडवल कशाला? पण तोच साठा पुढच्या वर्षी २० टक्के महाग भावाने भरावा लागतो, आणि तेवढीच उधारी जास्त रकमेची होते. पहिल्या वर्षाअखेर १५० चे १८० करायला ३० घालावे लागतात. ते बँकेतूनच जातात.

स्थिर किमतींत हे नेमकं कसं दिसतं? त्या ३० ला १.२ ने भागा: २५. दुसऱ्या वर्षीच्या ३६ ला १.४४ ने भागा: पुन्हा २५. तिसऱ्या वर्षीही २५. म्हणजे तीन वर्षं दरवर्षी आजच्या किमतींत २५ भरायचे आणि शेवटी २५९.२ हाती आले की त्यांची किंमत १२५ एवढीच. १५० घालून १५० परत येतात हा समज इथेच मोडतो. ग्राहकाकडे अडकलेली रक्कम रोज झिजत असते, आणि ती झीज भरून काढायला हे २५ लागतात.

भोळ्या मांडणीत या ओळीचं वर्तमान मूल्य उणे ४८ येत होतं, खरं उणे १२७ आहे. उधारीचे दिवस कमी केले किंवा पुरवठादाराने जास्त दिवस दिले तर प्रकल्पाचं उत्तर बदलू शकतं, म्हणून महागाई चढी असताना संवेदनशीलता तपासायची ती आधी या ओळीची.

## ७. उलटतपासणी स्प्रेडशीटमध्येच बसवा

माझं मत स्पष्ट आहे: महागाई दोन अंकी असेल तर पहिला तक्ता नेहमी चालू किमतींत करा. कर, व्याज, करार, उधारी हे सगळं जगात चालू किमतींतच घडतं, त्यामुळे तिथे काही विसरायला होत नाही. मग स्थिर किमतींचा तक्ता वेगळ्या गृहीतकांवर बांधू नका. चालू प्रवाहाला किंमत-निर्देशांकाने भागूनच तो काढा.

समजा वर्ष ० ते ४ हे `B` ते `F` रकान्यांत आहेत, `B1` मध्ये महागाई, `B2` मध्ये नाममात्र दर, ओळ ५ मध्ये निर्देशांक, ओळ १२ मध्ये निव्वळ चालू प्रवाह:

```
B3:  =(1+B2)/(1+B1)-1
B5:  1
C5:  =B5*(1+$B$1)
B14: =B12/B5
B16: =B12+NPV(B2,C12:F12)
B17: =B14+NPV(B3,C14:F14)
B18: =ABS(B16-B17)<0.01
```

`C5` आणि `B14` ही सूत्रं उजवीकडे `F` पर्यंत ओढा. `NPV` हे सूत्र पहिल्या आकड्यालाही एका वर्षाचा वटाव लावतं, म्हणून शून्य वर्ष बाहेर ठेवून वेगळं मिळवलं आहे. ते आत घेतलं तर सगळं उत्तर १.३२ ने भागलं जाईल.

आपल्या उदाहरणात ओळ १४ मध्ये −११५०, ३२७.१, ३१८.४, ३११.२ आणि ४५५.१ येतात. त्यांना १० टक्के लावले की उणे ४४.९च. `B18` मध्ये `TRUE` दिसलं पाहिजे. वजाबाकीने काढलेला १२ टक्के दर इथे टाकून बघा: उत्तर उणे ९३ होतं आणि `B18` लगेच `FALSE` दाखवतं.

या तपासणीची मर्यादाही ओळखून असा. ती दर आणि निर्देशांक यांचा मेळ तपासते. ओळ १२ मध्येच एखादी रक्कम वाढवायची राहून गेली असेल तर दोन्ही उत्तरं सारखीच चुकतील. त्यासाठी पहिल्या पायरीतला ‘चालू’ आणि ‘स्थिर’ लिहिलेला रकानाच उपयोगी पडतो.

## ८. महागाई दरवर्षी वेगळी असेल तर एकच दर चालणार नाही

महागाई फार चढली की ती पुढे उतरेल असाच अंदाज बहुधा असतो. समजा ती ४०, २५, १५, १० अशी उतरणार आहे आणि वास्तविक दर १० टक्केच आहे. मग वर्षवार नाममात्र दर ५४, ३७.५, २६.५ आणि २१ टक्के होतात. चौथ्या वर्षाच्या रकमेला भागायचा आकडा या चौघांचा गुणाकार:

```
1.54 * 1.375 * 1.265 * 1.21 = 3.241
```

नेहमीची चूक अशी की आजच्या एक वर्षाच्या कर्जाचा ५४ टक्के दर चारही वर्षांना लावला जातो. मग भाजक ५.६२ होतो. चौथ्या वर्षीच्या १००० चं वर्तमान मूल्य ३०९ ऐवजी १७८ येतं, आणि विक्री मात्र उतरत्या महागाईने वाढवलेली असते. प्रवाहात एक महागाई, दरात दुसरी. म्हणून `NPV` सूत्र सोडा आणि प्रत्येक वर्षाचा भाजक वेगळ्या ओळीत गुणत न्या. तपासणी सोपी आहे: ३.२४१ ला त्या वर्षाच्या निर्देशांकाने, म्हणजे २.२१४ ने भागलं की १.४६४ यायला हवं, आणि तो १.१ चा चौथा घात आहे.

## ९. उरलेले खाचखळगे

सगळे भाव एकाच गतीने वाढत नाहीत. सर्वसाधारण महागाई २० टक्के आणि वीज २६ टक्क्यांनी महागणार असेल तर विजेची ओळ स्थिर किमतींतही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते. चार वर्षांत ती साडेएकवीस टक्के वर जाते. स्थिर किमती म्हणजे सपाट ओळ नव्हे. उलट करारात १०० वर गोठलेलं भाडं स्थिर किमतींत चौथ्या वर्षी ४८ वर येतं. आणि भागाकारासाठी निर्देशांक मात्र सगळ्या ओळींना एकच, सर्वसाधारण महागाईचा वापरायचा. विजेला विजेच्या निर्देशांकाने भागलं तर तिची खरी महागाई पुसून जाते.

वर्षाचा मध्य. पैसे वर्षभर येतात म्हणून अर्ध्या वर्षाचा वटाव लावायचा असेल तर किंमतही अर्ध्याच वर्षाने वाढवा: १.२ च्या ऐवजी १.०९५. किंमत वर्षाअखेरची आणि वटाव मध्याचा असं केलं की प्रत्येक प्रवाह ९.५ टक्के फुगतो. महागाई ३ टक्के असताना ही चूक दीड टक्क्याची असते, म्हणून ती जुन्या तक्त्यांत खपून गेलेली असते.

परकीय चलन. विक्री स्थानिक चलनात आणि दर डॉलरच्या कर्जाचा, हा बेमेळही महागाईचाच आहे. दरात डॉलरची महागाई आहे आणि प्रवाहात स्थानिक. एक तर प्रवाह अपेक्षित विनिमय दराने डॉलरमध्ये न्या किंवा दर स्थानिक चलनाचा घ्या.

कर्जाचं व्याज. भांडवलाच्या सरासरी खर्चाने वटाव लावत असाल तर व्याज आणि हप्ते प्रवाहात धरू नका, ते दरात आधीच आहेत. चढ्या महागाईत व्याजाचा आकडा मोठा असल्याने ही दुहेरी मोजणी चांगला प्रकल्पही मारून टाकते. त्या सरासरी खर्चातले सगळे घटकही एकाच जातीचे हवेत. कर्जाचा दर नाममात्र आणि भागधारकांची अपेक्षा वास्तविक अशी सरासरी काढली, तर ती ना चालू प्रवाहाला लागू पडते ना स्थिर.